मूळ संख्येचा फ्लोचार्ट: ‘मूळ आहे’ ही चौकट कुठे काढायची?

प्रश्न: दिलेली संख्या मूळ आहे का, याचा फ्लोचार्ट आणि सूडोकोड करायला दिलाय. मी २ पासून n च्या आधीच्या संख्येपर्यंत भागत जातो. बाकी शून्य आली तर ‘मूळ नाही’ छापतो, नाहीतर ‘मूळ आहे’ छापतो. पण ९ दिले की दोन्ही छापून येते, तेही सात ओळी! फ्लॅग वापरा असे वर्गात सांगितले, पण तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. आणि यावरून १ ते १०० मधल्या सगळ्या मूळ संख्या कशा काढायच्या?

उत्तर:

आधी कागद-पेन्सिल घ्या आणि तुमच्याच फ्लोचार्टमधून ९ ही संख्या बोट ठेवून चालवा. ज्याने भागतो त्याला `d` म्हणू. `d` २ असताना बाकी १ येते, म्हणून ‘मूळ आहे’ छापले जाते. `d` ३ झाला की बाकी शून्य, म्हणून ‘मूळ नाही’. पुढे ४, ५, ६, ७ आणि ८ ने भागल्यावर बाकी अनुक्रमे १, ४, ३, २, १ येते आणि पाचही वेळा ‘मूळ आहे’ छापले जाते. एकूण सात ओळी, त्यात सहा ‘आहे’ आणि एक ‘नाही’. भागाकारात काहीच चुकलेले नाही. चूक आहे ती भागाकारावरून काढलेल्या निष्कर्षात.

२ ने भागून बाकी १ उरली, यावरून एवढेच कळले की २ हा ९ चा विभाजक नाही. ९ मूळ आहे की नाही हे अजून कळलेलेच नाही, कारण ३ ला, ४ ला, पुढच्या कुणालाच आपण विचारलेले नाही. उलट ३ ने भाग गेला त्या क्षणी प्रश्न मिटला. पुढे कुणाला विचारायची गरजच नाही. ‘मूळ नाही’ म्हणायला एक साक्षीदार पुरतो, पण ‘मूळ आहे’ म्हणायला सगळ्यांचा नकार गोळा करावा लागतो. म्हणून ‘मूळ नाही’ हे लूपच्या मध्येच म्हणता येते आणि ‘मूळ आहे’ हे फक्त लूप संपल्यावर, लूपच्या बाहेर. तुमच्या फ्लोचार्टमध्ये या दोन्ही चौकटी एकाच डायमंडला दोन बाजूंनी लटकवल्या आहेत. सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

आता फ्लोचार्ट नव्याने काढू. वर ‘सुरुवात’चा लंबगोल, त्याखाली `n` वाचण्याचा समांतरभुज चौकोन, त्याखाली `d = 2` असा आयत. त्यानंतर पहिला डायमंड: `d < n` आहे का? ‘हो’चा बाण खाली दुसऱ्या डायमंडकडे जातो: `n mod d = 0` आहे का? (`mod` म्हणजे भागाकारातली बाकी. सी, जावा, पायथनमध्ये हेच `%` या चिन्हाने लिहितात.) दुसऱ्या डायमंडचा ‘हो’ बाण ‘मूळ नाही’ छापणाऱ्या चौकटीकडे आणि तिथून थेट ‘शेवट’कडे. त्याचा ‘नाही’ बाण `d = d + 1` या आयताकडे, आणि तिथून वर वळून पुन्हा पहिल्या डायमंडच्या डोक्यावर. राहिला पहिल्या डायमंडचा ‘नाही’ बाण. तो तेव्हाच मिळतो जेव्हा सगळे भाजक संपलेले असतात आणि कुणीही भाग दिलेला नसतो. ‘मूळ आहे’ची चौकट या बाणावर बसते, आणि तिच्याखाली पुन्हा ‘शेवट’.

आता यातून ९ चालवा. २ ला नकार, ३ ला होकार, एकच ओळ, संपले. ७ चालवा. २, ३, ४, ५, ६ सगळ्यांचा नकार, मग `d` ७ होतो, `d < n` खोटे ठरते आणि ‘मूळ आहे’ची एकच ओळ येते.

या फ्लोचार्टमध्ये फ्लॅग कुठेच नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. मी तो विसरले नाही. फ्लोचार्टला त्याची गरजच पडली नाही. लूपमधून बाहेर पडायला इथे दोन दारे आहेत. एक दार ‘भाग गेला’ म्हणून उघडते, दुसरे ‘भाजक संपले’ म्हणून. बाण कुठेही नेता येतो, त्यामुळे प्रत्येक दाराबाहेर त्याची स्वतःची छापायची चौकट ठेवता आली. आपण कुठल्या दाराने बाहेर आलो हे आपण कुठल्या चौकटीत उभे आहोत यावरूनच कळते.

सूडोकोडमध्ये मात्र बाण नसतात. तिथे ‘जोपर्यंत’ अशी ओळ असते, तिच्या पोटात थोड्या आत सरकवलेल्या ओळी असतात, आणि लूप कुठल्याही कारणाने संपला तरी आपण त्याच्या खालच्या एकाच ओळीवर येऊन पोचतो. दोन दारे तिथे एका ओसरीत उघडतात. आता ओसरीत उभे राहून ‘मी कुठल्या दाराने आलो?’ हे सांगायचे तर ते कुठेतरी नोंदवून ठेवलेले असावे लागते. ती नोंद म्हणजे फ्लॅग. त्याचे काम एवढेच आहे, आणि म्हणूनच त्याची जागाही ठरलेली आहे: लूपच्या आधी त्याला सुरुवातीची किंमत द्यायची, लूपच्या आत गरज पडली तर ती बदलायची, आणि लूपच्या नंतर एकदाच ती वाचायची.

त्याच्या नावाबद्दल माझा एक आग्रह आहे. बहुतेक ठिकाणी `flag = 1` किंवा `isPrime = true` असे लिहून सुरुवात करतात. मग वर्गात हमखास कुणीतरी विचारते, ‘अजून काही तपासलेच नाही, तर मूळ आहे असे आधीच कसे म्हणायचे?’ शंका अगदी रास्त आहे. म्हणून मी व्हेरिएबलचे नावच ‘सापडला’ ठेवते, म्हणजे विभाजक सापडला का? सुरुवातीला तो सापडलेला नसतोच, त्यामुळे `सापडला = 0` हे लिहितानाही खरे असते.

```
वाच n
सापडला = 0
d = 2
जोपर्यंत d < n आणि सापडला = 0
    जर n mod d = 0 तर
        सापडला = 1
    नाहीतर
        d = d + 1
जर सापडला = 0 तर
    छाप "मूळ आहे"
नाहीतर
    छाप "मूळ नाही"
```

वर्गात इंग्रजी शब्दांची सवय असेल तर ‘वाच’च्या जागी `READ`, ‘जोपर्यंत’च्या जागी `WHILE`, ‘जर’च्या जागी `IF` लिहा. रचना तीच राहते. सीमध्ये उतरवताना मात्र तुलनेसाठी दोन बरोबर चिन्हे, म्हणजे `==`, लागतात. सूडोकोडमधल्या `जर सापडला = 0` या अटीतले एकच `=` तिथे तसेच नेले तर तुलना होण्याऐवजी किंमतच बदलते.

फ्लॅग बसवल्यावरही एक चूक फार वेळा दिसते. अनेकजण २ पासून `n - 1` पर्यंत न थांबता जाणारा लूप लिहितात आणि आत असे करतात: बाकी शून्य असेल तर `सापडला = 1`, नाहीतर `सापडला = 0`. दिसायला नीटनेटके दिसते, दोन्ही बाजू भरलेल्या वाटतात. पण ९ चालवून पाहा. ३ वर `सापडला` १ झाला, आणि ४ ने लगेच तो पुसून ० केला. शेवटी ८ जे सांगेल तेच उरते. कुठलीही २ पेक्षा मोठी संख्या तिच्या लगतच्या आधीच्या संख्येने भागली की बाकी १ च उरते, म्हणजे शेवटचा भाजक नेहमी नकारच देतो. परिणामी हा प्रोग्रॅम प्रत्येक संख्येला मूळ ठरवतो. ४ सुद्धा मूळ, १०० सुद्धा मूळ. तुमच्या प्रोग्रॅमला सगळ्याच संख्या मूळ वाटू लागल्या की आधी हे ‘नाहीतर’ शोधा. एकदा सापडलेला विभाजक पुढच्या भाजकाच्या नकाराने हरवत नाही, तेव्हा लूपच्या आत फ्लॅगची किंमत एकाच दिशेने बदलली पाहिजे.

आता `n` ला १ देऊन पाहा. `d` २ आहे, `2 < 1` खोटे, लूप एकदाही चालत नाही, `सापडला` शून्यच राहतो आणि ‘मूळ आहे’ छापले जाते. हे चूक आहे. मूळ संख्येला नेमके दोन वेगवेगळे विभाजक असतात, १ आणि ती संख्या स्वतः. १ ला एकच विभाजक आहे. गंमत अशी की `n` ला २ दिले तरी लूप एकदाही चालत नाही, पण तिथे ‘मूळ आहे’ हे उत्तर बरोबर येते. एकाच वाटेने जाणाऱ्या या दोन संख्यांपैकी एक बरोबर आणि एक चूक, त्यामुळे लूपमध्ये फेरफार करून हे सुटत नाही. वेगळी अटच घालावी लागते. फ्लोचार्टमध्ये `n` वाचल्याबरोबर `n < 2` असा डायमंड टाका आणि त्याचा ‘हो’ बाण ‘मूळ नाही’च्या चौकटीकडे न्या. सूडोकोडमध्ये शेवटची अट `n >= 2 आणि सापडला = 0` अशी करा. शून्य आणि ऋण संख्याही त्यातच निपटतात.

काही पुस्तकांत दुसरी रीत दिसते. १ पासून n पर्यंत भागत जायचे, किती वेळा भाग गेला ते मोजायचे, आणि मोजणी २ भरली तर मूळ. ही रीत बरोबर आहे आणि १ साठी वेगळी अट घालावी लागत नाही, कारण तिथे मोजणी १ च येते. व्याख्या समजण्यासाठी ती चांगलीच आहे. पण तिच्यात मध्येच थांबता येत नाही, म्हणून मी ती एकदा दाखवते आणि पुढे जाते.

पुढचा प्रश्न, कुठपर्यंत भागायचे? विभाजक नेहमी जोडीने येतात. ३६ घ्या: २ आणि १८, ३ आणि १२, ४ आणि ९, ६ आणि ६. प्रत्येक जोडीतला लहान आकडा ६ च्या पुढे जात नाही, कारण दोन्ही आकडे ६ पेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकार ३६ च्या वर गेला असता. म्हणजे विभाजक असेलच तर जोडीतला लहान भिडू वर्गमुळापर्यंत भेटतोच. तिथपर्यंत कुणी भेटला नाही तर पुढे शोधणे व्यर्थ. वर्गमूळ काढायचीही गरज नाही. `d < n` च्या जागी `d * d <= n` लिहिले की झाले. फ्लोचार्टमधला एकच डायमंड बदलतो, बाकी सगळे जसेच्या तसे.

९१ वर हे चालवून पाहू. ही संख्या मी मुद्दाम निवडते, कारण पाहताक्षणी ती मूळ वाटते.

```
d    d*d    d*d <= 91    91 mod d    सापडला
2      4       हो            1          0
3      9       हो            1          0
4     16       हो            3          0
5     25       हो            1          0
6     36       हो            1          0
7     49       हो            0          1
```

सहाव्या भागाकाराला ७ सापडला, कारण ९१ म्हणजे ७ गुणिले १३. आता ९७ घेतली तर `d` २ पासून ९ पर्यंत जातो, आठही वेळा बाकी उरते. `d` १० झाला की १०० ही ९७ पेक्षा मोठी, लूप संपतो, संख्या मूळ. जुन्या अटीने यासाठी ९५ भागाकार लागले असते. १०,००,००३ ही मूळ संख्या घ्या, तिथे दहा लाखांहून जास्त भागाकारांऐवजी ९९९ पुरतात.

या अटीत `<=` च्या जागी नुसते `<` पडले तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ९ साठी `d` ३ झाल्यावर `9 < 9` खोटे, लूप ३ ला न विचारताच बाहेर, आणि ९ मूळ ठरते. बिघडतात त्या फक्त मूळ संख्यांच्या वर्गसंख्या, १०० पर्यंत ४, ९, २५ आणि ४९. बाकी सगळी उत्तरे बरोबर येतात. म्हणूनच ६, १०, १५ अशा संख्या टाकून पाहणाऱ्याला ही चूक दिसतच नाही. तपासताना ९ आणि २५ टाकाच.

आता १०० पर्यंतची यादी. १ मूळ नसल्यामुळे सुरुवात २ पासून करू, म्हणजे `n >= 2` ही अटही लागणार नाही. आतापर्यंत जे केले ते सगळे आणखी एका लूपच्या पोटात घालायचे आहे.

```
n = 2
जोपर्यंत n <= 100
    सापडला = 0
    d = 2
    जोपर्यंत d * d <= n आणि सापडला = 0
        जर n mod d = 0 तर
            सापडला = 1
        नाहीतर
            d = d + 1
    जर सापडला = 0 तर
        छाप n
    n = n + 1
```

इथे सगळी मेख `सापडला = 0` आणि `d = 2` या दोन ओळींच्या जागेत आहे. त्या बाहेरच्या लूपच्या आत आणि आतल्या लूपच्या बाहेर हव्यात, कारण प्रत्येक नव्या संख्येची चौकशी कोऱ्या पाटीवर सुरू झाली पाहिजे. दोन्ही ओळी चुकून सगळ्यात वर गेल्या तर २ आणि ३ छापले जातात. मग ४ साठी `सापडला` १ होतो आणि तो पुन्हा कधीच शून्य होत नाही, म्हणून पुढे काहीच छापले जात नाही. `सापडला = 0` आत ठेवली आणि फक्त `d = 2` वर राहिली, तर दृश्य वेगळे दिसते. २, ३, ५ बरोबर येतात. पण ५ तपासताना `d` ३ वर जाऊन तिथेच राहतो, त्यामुळे ६ ला २ ने भागलेच जात नाही आणि ६ मूळ म्हणून छापली जाते. तिच्यामागून ७, ८, १०. यादीत ६ दिसली की `d` कोरा झालेला नाही, हे खुशाल समजा.

फ्लोचार्टमध्ये हीच गोष्ट बाणांची आहे. `सापडला = 0, d = 2` असा एक आयत `n <= 100` या डायमंडच्या ‘हो’ बाणावर, त्याच्या लगेच खाली बसवा. `n = n + 1` मधून निघालेला बाण वर नेऊन या डायमंडलाच लावा. तो चुकून आयताच्या खाली जोडला, तर डायमंडही चुकतो आणि आयतही.

फ्लॅग न वापरता दोन दारांचाच फ्लोचार्ट वाढवायचा असेल तर तेही जमते. ‘मूळ आहे’च्या जागी `n` छापायचा आणि तिथून `n = n + 1` कडे जायचे. ‘मूळ नाही’ची चौकट काढून टाकायची आणि तिचा बाणही `n = n + 1` ला आणून जोडायचा. हा दुसरा बाण अनेकांचा जुन्या सवयीने ‘शेवट’कडेच राहतो. मग प्रोग्रॅम २ आणि ३ छापून ४ वर थांबतो. बाहेरून पाहता हे कोरा न केलेल्या फ्लॅगसारखेच दिसते, २ आणि ३ आणि मग शांतता. दोन्हींतला फरक ओळखायला `n = n + 1` च्या अगदी आधी `n` छापणारी एक तात्पुरती ओळ घाला. फ्लॅगची चूक असेल तर ही ओळ १०० पर्यंत मोजत जाते. बाणाची चूक असेल तर ४ तिथे कधी येतच नाही.

`d * d` ची एक मर्यादाही सांगते, कारण प्रोग्रॅम लिहायला बसलात की ती कधीतरी आडवी येते. सीमधल्या ३२ बिटांच्या `int` मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४७४८३६४७ आहे, आणि ती स्वतः मूळ आहे. ती तपासताना `d` ४६३४१ झाला की `d * d` ची किंमत `int` मध्ये मावत नाही. बहुधा ती ऋण दिसू लागते, अट खरीच राहते आणि लूप जिथे थांबायचा तिथे थांबत नाही. तिथे `d <= n / d` अशी अट लिहा. अर्थ तोच राहतो आणि गुणाकारच होत नसल्यामुळे आकडा फुगत नाही.

यादी बरोबर आली का हे डोळ्यांनी तपासू नका, मोजा. १०० पर्यंत २५ मूळ संख्या आहेत. २६ आल्या तर बहुधा १ आत शिरला आहे. २४ आल्या आणि सुरुवात ३ पासून दिसते, तर २ सुटला आहे. २९ आल्या तर `<=` चे `<` झाले आहे आणि त्या चार वर्गसंख्या यादीत सापडतील. कधी एक संख्या गळते, एक खोटी शिरते आणि मोजणी २५ च भरते. म्हणून बेरीजही करून घ्या. त्या २५ संख्यांची बेरीज १०६० येते.